‘मास्टर बेडरूम’ कोणी लिहिलं?

पहिल्या मीटिंगला मी लॅपटॉप घेऊन गेले आणि तिथेच घोळ झाला.

घर पार्ले पूर्वेचं. 1974 सालची, तळमजला अधिक तीन मजल्यांची, लिफ्ट नसलेली इमारत आणि दुसऱ्या मजल्यावरचा 460 चौरस फूट कार्पेटचा वन बीएचके. राहणारी माणसं चार. काका बँकेतून निवृत्तीला दोन वर्षं उरलेले, काकू शाळेत शिक्षिका, काकांची आई म्हणजे 79 वर्षांच्या आजी, आणि दहावीत जाणारी मुलगी. थोरला मुलगा पुण्याला शिकतो, महिन्यातून एकदा येतो. मागणी सरळ होती: घराला एक खोली वाढवायची, संडास-बाथरूम नव्याने करायचं, आणि सगळं मिळून 12 लाखांच्या वर जायचं नाही. आर्किटेक्ट म्हणून माझी फी त्याच्या बाहेर, बाकी सगळं त्यात.

मी आठवडाभर बसून तीन पर्याय काढले. एका मुलाकडून तीन थ्रीडी व्ह्यू करून घेतले, त्याला 12,000 रुपये दिले. व्ह्यू झकास झाले होते. खिडकीतून तिरकं ऊन येतंय, टीपॉयवर पुस्तकं, शेवाळी रंगाचा सोफा. लॅपटॉप डायनिंग टेबलवर ठेवला, सगळे जमले, आणि पुढची चाळीस मिनिटं आम्ही त्या सोफ्यावर बोललो. शेवाळी रंग मळखाऊ आहे का, टीव्हीच्या मागची लाकडी पट्टी धुळीने भरेल का, दिवे पिवळे की पांढरे. भिंत कुठे जाणार, पाइप कुठून येणार, आजी रात्री संडासला कशा जाणार, यातलं एक अक्षर नाही. दोष त्यांचा नव्हता. चित्र इतकं पुरं होतं की त्यात विचारण्यासारखं फक्त रंगाचंच उरलं होतं. घर आधीच ठरलंय, आता पडदे निवडायचे आहेत, असंच कोणालाही वाटलं असतं.

शेवटी आकडे सांगितले. क पर्याय 10 लाख 10 हजार, ख 12 लाख 80 हजार, ग 11 लाख 80 हजार. काकांनी चष्मा काढला, पुसला आणि म्हणाले, “म्हणजे खची खोली, गचं किचन आणि कचा भाव, असं काही बसतं का?” सगळे हसले. मीही हसले, पण घरी येताना कळत होतं की हा विनोद माझ्यावर आहे. तीन बंद डबे समोर ठेवले की गिऱ्हाईक त्यातले जिन्नसच उचलणार. डब्यात काय कशाला बांधलेलं आहे ते मी दाखवलंच नव्हतं.

आणखी एक गोष्ट मला जिना उतरताना खटकली. काकू त्या दीड तासात दोनदा बोलल्या होत्या, दोन्ही वेळा चहाबद्दल.

दुसरी मीटिंग दोन आठवड्यांनी, रविवारी सकाळी, पुन्हा त्यांच्याच घरी. या वेळी लॅपटॉप नाही. ए-थ्री आकाराचा एक प्लॅन, जसं घर आज आहे तसं. त्यावर टाकायला बटर पेपरचे तीन तुकडे. दोन-तीन हाताने काढलेली स्केचेस. 6बी पेन्सिल, खोडरबर, पाच मीटरची टेप आणि मास्किंग टेपचं एक रीळ.

आजच्या घराचा प्लॅन मुद्दाम नीट काढला होता. त्यांचं गोदरेजचं कपाट, आजींचा पलंग, शिवणयंत्र, देव्हारा, फ्रिजमागे उभा केलेला इस्त्रीचा टेबल, सगळं जागच्या जागी, 1:50 मापात. लोकांना प्लॅन वाचता येत नाही असं आम्ही आर्किटेक्ट उगाच म्हणतो. स्वतःचं घर, स्वतःच्या सामानासकट काढलेलं असलं की पाच मिनिटांत वाचतात. मुलीने लगेच बोट ठेवलं, “हा माझा टेबल एवढाच दिसतो?” एवढाच आहे, म्हटलं, अडीच फूट बाय दीड फूट. ती काकांकडे बघत राहिली.

घराची रचना सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही. रस्त्याच्या बाजूला 10 बाय 16चा हॉल, त्याच्या पुढे 4 फुटांची बाल्कनी, जी आधीच्या मालकाने पूर्वीच काचा लावून आत घेतलेली. हॉलच्या मागे 8 बाय 9चं स्वयंपाकघर. हॉलला लागून 10 बाय 12ची बेडरूम, तिच्या मागे छोटा पॅसेज, त्यात संडास आणि बाथरूम वेगवेगळे. स्वयंपाकघर आणि संडास-बाथरूम दोन्ही इमारतीच्या मागच्या बाजूला, कारण सांडपाण्याचे उभे पाइप तिकडच्या भिंतीवरून उतरतात. जुन्या मुंबईतल्या घरांचं सगळं राजकारण या पाइपांभोवती फिरतं. खोल्या कुठेही न्या, पाणी मात्र शेवटी मागच्याच भिंतीला जाणार.

क पर्याय पटकन सांगून टाकला. भिंती जिथे आहेत तिथेच, हॉलमध्ये सोफा-कम-बेड आणि सरकता पडदा. खोली वाढत नाही, कपाटं वाढतात. कोणालाच तो नको होता, मलाही नव्हता. पण तो समोर ठेवावाच लागतो, कारण त्याचे 10 लाख 10 हजार ही जमिनीची पातळी आहे. संडास-बाथरूमचं वॉटरप्रूफिंग, घरभर नवं वायरिंग, फरशी, रंग, ओटा, खिडक्या, तोडफोड आणि राबिट खाली नेणं, हे सगळं तिन्ही पर्यायांत तेवढंच आहे. त्याच्या वर जे जातं ते वाढीव खोलीचं. म्हणजे प्रश्न 13 लाख की 12 लाख असा नाही. एक खोली 2 लाख 70 हजारांना घ्यायची की 1 लाख 70 हजारांना, आणि तिच्याबरोबर काय काय गमवायचं, हा आहे. पहिल्या वेळी हे एवढंच सांगायचं मी विसरले होते.

ख पर्याय सगळ्यांचा लाडका होता. त्यात स्वयंपाकघर हॉलच्या मागच्या टोकाला येतं, पाच फुटांच्या पट्ट्यात, उघडं. आणि जुनं स्वयंपाकघर आजींची खोली होतं: स्वतंत्र, खिडकीची, संडासपासून सहा फुटांवर. थ्रीडीत तर ते फारच देखणं दिसलं होतं.

या वेळी मी त्याचा छेद काढून नेला होता. छेद म्हणजे घर केकसारखं उभं कापलं तर दिसेल ते चित्र. खालच्या मजल्याची स्लॅब, आपली स्लॅब, मध्ये ओटा, सिंक, आणि सिंकपासून मागच्या भिंतीपर्यंत जाणारा पाइप. नव्या सिंकपासून मागची भिंत बारा फूट लांब पडते. सांडपाण्याच्या पाइपाला मी चाळीसला एक असा उतार धरते, म्हणजे बारा फुटांत साधारण साडेतीन इंच. फरशीखाली एवढी जागा नाही. स्लॅबवर फरशीचा थर जेमतेम दोन-अडीच इंचांचा. म्हणून पाइप फरशीच्या वरून न्यायचा. सिंकचं तोंड उंचावर असल्याने हे जमतं. ओट्याखाली तो जमिनीपासून बारा इंचांवर सुरू होईल आणि मागच्या भिंतीपाशी साडेआठ इंचांवर पोचेल. पण मधे आजींची खोली आहे. तिच्या एका भिंतीला पूर्ण लांबीभर चौदा इंच उंच आणि पाच इंच रुंद पेटी येणार, आणि कोणी भांडी घासली की त्यातून पाणी खळखळत जाणार.

“रात्री अकरालाही?” आजींनी विचारलं. अकरापर्यंत भांडी चालली तर, हो.

पुढचा प्रश्न काकूंचा होता, आणि मी त्याचीच वाट बघत होते. “मग तिथे खाली नहाणी ट्रॅप कसा बसणार?” नाही बसणार. जमिनीवरचं पाणी जायला पाइप जमिनीच्या खाली लागतो, आणि ती जागाच नाही. म्हणजे ओट्याखाली बादलीभर पाणी ओतून धुणं बंद, पुसायचं फक्त. शिवाय खालच्या मजल्यावर त्या जागी शेजाऱ्यांचं जेवणाचं टेबल आहे. त्यांच्या कोरड्या जागेवर आपली ओली जागा आणायला सोसायटीची परवानगी लागेल. कमिटी ती द्यायला नाखूश असते, आणि त्यांचं चुकत नाही. सिंकखालचा एक जोड सैल झाला तरी डाग त्यांच्या छतावर उमटतो आणि भांडण पाच वर्षं टिकतं. म्हणून तिथे वॉटरप्रूफिंग धरलं होतं 30 हजारांचं, पाइपलाइनचे 45 हजार, गॅस कंपनीच्या माणसाकडून गॅसची लाइन हलवायचे 12 हजार, चिमणीच्या डक्टचे आणि पंख्याचे 28 हजार. यातला एकही रुपया घरात कुठे दिसत नाही.

मग मी शेवटचं स्केच टेबलवर ठेवलं. ते मी खास काकूंसाठी काढलं होतं, पण तसं म्हटलं नाही. नव्या ओट्याशी पाच फूट उंचीची बाई उभी राहिली तर तिला समोर काय दिसेल, एवढंच चित्र. वर कपाटं, मधे दीड फूट टाइल्सची पट्टी, डावीकडे फ्रिजची बाजू. खिडकी नाही. चिमणीचा डक्ट दोन वळणं घेत बारा फूट जाणार, त्यामुळे तिची ओढ कमी पडणार आणि फोडणीचा ठसका हॉलमध्ये बसणार, हे मी बाजूला बारीक अक्षरात लिहिलं होतं.

काकूंनी कागद उचलून खिडकीकडे नेला. त्यांच्या आत्ताच्या ओट्यासमोर पूर्वेची खिडकी आहे. बाहेर शेजारच्या वाडीतलं जांभळाचं झाड, आणि ग्रिलला एस आकाराच्या हुकांवर गाळणी, चिमटा आणि किसणी टांगलेली. सकाळी सव्वापाचला त्या तिथे उभ्या असतात, डबे करतात आणि सातला शाळेसाठी निघतात. कागद त्यांनी टेबलवर परत ठेवला, उपडा.

“मागच्या वेळी तुला आवडलं होतं ना?” काका म्हणाले.

“मागच्या वेळी सोफा दाखवत होते,” काकू म्हणाल्या.

आता उरला ग. यात स्वयंपाकघराला हातच लावायचा नाही, फक्त ओटा, टाइल्स आणि ट्रॉल्या नव्या करायच्या. बाल्कनीचे चार फूट आणि हॉलचे सहा फूट मिळून रस्त्याच्या बाजूला 10 बाय साडेनऊची खोली निघते. पाणी कुठेच हलत नाही म्हणून लाखभर रुपये कमी. किंमत दुसरीकडे मोजायची: हॉलची खिडकी जाते. उरलेला हॉल दहा बाय दहाच्या आतच राहतो, आणि त्यात दिवसाउजेडी दिवा लावावा लागण्याची भीती असते. यावर उपाय म्हणून मधल्या पार्टिशनला सात फुटांच्या वर, छतापर्यंत सलग काच धरली होती आणि दारालाही फ्लूटेड काच. शिवाय मागून स्वयंपाकघराचा उजेड. तरी सांगितलं, हा हॉल आजच्याइतका उजळ होणार नाही. अर्धा होईल असं धरा.

पार्टिशन कशाचं, यावर काकांशी बरंच झालं. त्यांना विटेचं हवं होतं, “ठोकलं तर भिंतीसारखं वाजायला नको का?” साडेचार इंची विटेची भिंत, दोन्ही बाजूंनी प्लास्टर, दहा फूट लांब आणि साडेनऊ फूट उंच: तिचं वजन दोन टनांच्या पुढे जातं. खाली त्या जागी बीम नाही, नुसती स्लॅब आहे, तीही पन्नास वर्षांची. पत्र्याच्या चौकटीवर जिप्सम बोर्ड लावलं तर तीच भिंत साधारण अडीचशे किलोंत होते. मी आधीच स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवून घेतलं होतं, त्याने वीट लेखी नाकारली होती. ते पत्र फाइलमध्ये होतंच. बोर्डाला पोकळ आवाज येतो हे खरं, त्यासाठी आत ग्लासवूल भरायचं, 9 हजार जास्त. हे 9 हजार आकड्यात धरलेले आहेत हे कळल्यावर काका थांबले. बाल्कनीचंही तसंच. तिची फरशी हॉलपेक्षा तीन इंच खाली आहे. गवंडी म्हणेल विटांचे तुकडे टाकून कोबा करू, दोन दिवसांत सपाट. पण बाल्कनी म्हणजे पुढे आलेली, टोकाला आधार नसलेली स्लॅब, आणि तो भराव अर्ध्या टनाच्या घरात जातो. तिथे लोखंडी चौकटीवर सिमेंट बोर्ड, 18 हजार. गवंड्याच्या तिप्पट पैसे, पण इथे मी वाटाघाट करत नाही.

सगळं पटत होतं, तरी ग अडला. अडला आजींपाशी. नवी खोली रस्त्याच्या टोकाला, संडास मागच्या टोकाला. मी मास्किंग टेप काढली, सोफा सरकवला आणि नव्या खोलीच्या भिंती जमिनीवर चिकटवल्या. दाराच्या जागी तीन फुटांची फट सोडली. आजी वॉकर घेऊन उठल्या. टेपच्या आतून, कल्पनेतल्या पलंगापासून, दारातून, हॉलमधून वळून, पॅसेजमधून संडासच्या कडीपर्यंत. सत्तेचाळीस पावलं. मुलगी मोजत होती. येताना आजी पॅसेजच्या तोंडाशी थांबल्या, दाराच्या चौकटीला टेकल्या. “दिवसा ठीक आहे गं,” म्हणाल्या, “रात्री तीनदा नाही व्हायचं.”

झालं. ख म्हणजे काकूंची खिडकी, ग म्हणजे आजींची पावलं. काकांनी हताशपणे आकड्यांचा कागद पुन्हा हातात घेतला, जणू उत्तर तिथे असेल. मी स्वतः मनात चौथा पर्याय शोधायला लागले होते: ख करायचा पण ओटा फिरवून, किंवा आजींसाठी खोलीतच छोटा संडास. तो तर आणखी ओला, आणखी महाग, आणि खाली शेजाऱ्यांचा हॉल.

मुलगी बटर पेपरवर वाकली होती. “माझं नाव कुठेच नाहीये,” ती म्हणाली.

खरंच नव्हतं. मी प्लॅनवर लिहिलं होतं: ‘हॉल’, ‘किचन’, ‘मास्टर बेडरूम’, ‘आजींची खोली’. हॉलच्या कोपऱ्यात ‘स्टडी’. मुलगी त्या ‘स्टडी’त राहणार, झोपणार कुठे तर सोफा-कम-बेडवर, आणि हे मी लिहायचंही टाळलं होतं. कॉलेजात लागलेली सवय आहे ही. मोठी खोली दिसली की हात आपोआप ‘मास्टर बेडरूम’ लिहितो.

काकूंनी माझ्या हातातलं खोडरबर घेतलं. “हे मास्टर बेडरूम तुम्ही लिहिलंय,” त्या म्हणाल्या, “आम्ही नाही सांगितलं.” आणि खोडायला लागल्या. बटर पेपर पातळ असतो, 6बी पसरते, त्यामुळे तिथे काळपट ढग झाला. “आम्हाला ती झोपण्यापुरतीच लागते. पाचला मी उठते, हे नवाला निघतात. आजी आणि ही तिथे राहू देत. संडास लागूनच आहे. पुढची नवी खोली आम्हाला.”

बेडरूमच्या दारापासून संडासचं दार सात फुटांवर आहे. हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं, मीच मोजलं होतं.

आजींचा पहिला प्रश्न होता, “हिच्या अभ्यासाला माझ्या रेडिओचा त्रास नाही ना व्हायचा?” मुलगी म्हणाली ती हेडफोन लावते. मग काका म्हणाले, रस्त्याच्या बाजूच्या खोलीत गाड्यांचा आवाज येईल. त्यावर काकू म्हणाल्या, तुम्हाला कसला आवाज येतोय, तुमचाच आम्हाला येतो. ग्लासवूलचे 9 हजार तिथे पक्के झाले.

यानंतरचा तासभर मात्र खरं काम झालं, म्हणून तो जरा सविस्तर सांगते. मी आकड्यांचा नवा कागद काढला. त्यात पैशांच्या रकान्याशेजारी दोन रकाने आणखी होते: ‘काय जातं’ आणि ‘कोणाचं जातं’. पहिल्या मीटिंगनंतर सुचलेली ही एकच गोष्ट मी पुढे प्रत्येक घराला वापरली आहे. ‘ट्रॉल्या साध्या केल्या तर 35 हजार वाचतात’ असं लिहिलं की काका लगेच हो म्हणतात. शेजारी ‘काकूंचं, रोज’ असं लिहिलेलं असलं की ते काकूंकडे बघतात. त्या दिवशी काकू म्हणाल्या, ट्रॉल्या साध्याच करा, पण भांड्यांची मोठी ट्रॉली तेवढी चांगल्या चॅनलवर. 35 पैकी 22 हजार वाचले.

दुसरं, प्रत्येक ओळीला मी लाल किंवा हिरवी खूण केली होती. लाल म्हणजे आता नाही केलं तर नंतर करायला घर पुन्हा फोडावं लागेल: वॉटरप्रूफिंग, पाइप, वायरिंग, भिंतीतले पॉइंट. हिरवं म्हणजे दोन वर्षांनी बोनस आला की करता येईल: माळ्याचे दरवाजे, हॉलमधलं शोकेस, कपाटाचं चकचकीत फिनिश. काकांना बाथरूमच्या 2 लाख 10 हजारांत काही कापायचं होतं. त्यात टाइल्स आणि नळ हिरव्यासारखे आहेत, तिथे कापा. कोबा आणि पाइप लाल आहेत, तिथे नाही. नळ एक पायरी खालचे घेतले, 14 हजार उतरले.

सगळ्यात मोठी बचत कोणी मागितली नव्हती. हॉलमध्ये आणि बेडरूममध्ये मूळच्या मोझॅइक टाइल्स आहेत, पिवळसर पांढऱ्या, त्यात काळे-तांबडे ठिपके. मी तिन्ही पर्यायांत त्या काढून विट्रिफाइड धरल्या होत्या, कारण ख मध्ये भिंत फुटते आणि फुटलेल्या भिंतीखाली टाइल नसते, पट्टा उघडा पडतो. तो जुळवायला तसली टाइल आता बाजारात सहज मिळत नाही. पण ग मध्ये एकही भिंत फुटत नाही. नवं पार्टिशन टाइलवरच उभं राहतं. मग टाइल काढायच्या कशाला? मशीनने घासून पॉलिश केलं की 280 चौरस फुटांना 45 रुपयांच्या भावाने 12,600 होतात. नव्या फरशीला, जुनी फोडणं धरून, त्याच जागेला 61,600. म्हणजे 49 हजार खिशात, आणि लिफ्ट नसलेल्या जिन्यावरून डोक्यावर न्यायच्या राबिटच्या गोण्या कमी.

पॉलिशची खात्री मी तिथेच करून दाखवली. सोफ्याखालची एक टाइल ओल्या फडक्याने पुसली, मग पॉलिश पेपर पाण्यात भिजवून दोन मिनिटं घासली. वरचा मेणचट थर गेला आणि खालचा रंग वर आला. आजी म्हणाल्या, “हे घर घेतलं तेव्हा अशीच होती.” दोन टाइल्सना केसासारखी चीर होती. ती पॉलिशने जाणार नाही, भरून निघेल पण दिसत राहील, हे मी सांगितलं आणि कागदावर लिहून काकांची सही घेतली. चीर नंतर दिसली की ती कोणाची असते, हे मला एकदा महागात पडलं होतं.

बेरीज अशी झाली: 11 लाख 80 हजारांतून फरशीचे 49 हजार, ट्रॉल्यांचे 22 हजार आणि नळांचे 14 हजार वजा. त्यात संडास-बाथरूममध्ये आजींसाठी पकडायचे तीन स्टीलचे बार आणि न घसरणाऱ्या टाइल्स यांचे 11 हजार अधिक. 11 लाख 6 हजार. 12 लाखांपर्यंत 94 हजार राहिले. काकांनी लगेच विचारलं, मग ते शोकेस करून टाकू का? नको म्हटलं. जुन्या इमारतीत बाथरूम उघडेपर्यंत आत काय आहे ते कोणालाच माहीत नसतं. हे पैसे कागदावर ‘बाथरूम उघडल्यावर’ या नावाने ठेवा. ‘आकस्मिक खर्च’ लिहिलं की लोकांना ती माझी चैन वाटते. बाथरूमचं नाव घातलं की कोणी हात लावत नाही.

तिसरी मीटिंग वीस मिनिटांची. मी त्या काळपट ढगाचा बटर पेपर स्वच्छ काढून नेला होता. बेडरूमच्या जागी लिहिलं होतं ‘आजी आणि’ पुढे मुलीचं नाव, पुढच्या खोलीत ‘काका-काकू’. ‘मास्टर’ हा शब्द मी तेव्हापासून कुठल्याच प्लॅनवर लिहिलेला नाही. त्यावर सगळ्यांनी सह्या केल्या, मुलीनेही. सोसायटीला अर्ज गेला तो साधा होता, कारण ओली जागा हलतच नव्हती. सेक्रेटरींनी विचारलं ते एवढंच, की तोडफोडीच्या वेळा कोणत्या आणि राबिट जिन्यात किती वेळ पडून राहणार.

बाथरूम उघडलं तेव्हा जुना कोबा खालपर्यंत ओला निघाला आणि स्लॅबच्या एका कोपऱ्यात सळ्या गंजून फुगलेल्या होत्या. दुरुस्तीला 41 हजार लागले. काकांना फोन केला. त्यांनी आकडा ऐकला, आणि म्हणाले, “चौऱ्याण्णवमधलेच ना?” हो म्हटलं. “मग करा.”

सुताराला मात्र पहिल्या मीटिंगचं थ्रीडी कुठूनतरी व्हॉट्सअॅपवर मिळालं होतं. कामाच्या तिसऱ्या दिवशी तो ओट्यासमोरच्या खिडकीचं माप घ्यायला लागला, ती बंद करून वर कपाट करायला. काकूंनी मला शाळेतून फोन केला. मी पोचले तेव्हा त्याने ग्रिलवरचे हुक काढून, गाळणी-किसणीसकट एका पिशवीत बांधून ठेवले होते. ते परत लावले आणि त्याच्या फोनमधला तो फोटो माझ्यासमोर पुसायला लावला.